फ्लॅशच्या फोटोवरून मेकअपबद्दल मत कसं द्यावं?

प्रश्न: धाकट्या बहिणीने पहिल्यांदाच स्वतः मेकअप करून रात्री घरात फ्लॅशवर काढलेला फोटो पाठवलाय. म्हणते, "ताई, खरं खरं सांग." मला चेहरा मानेपेक्षा गोरा दिसतोय, डोळ्यांखाली पांढरं आलंय आणि एका गालावर ब्लशचा पट्टा दिसतोय. चूक मेकअपची की फोटोची? आणि सांगू कसं?

उत्तर:

मी मेकअप आर्टिस्ट आहे आणि असे फोटो मला रोज येतात. या तिन्ही गोष्टी एकाच फोटोत दिसत असल्या तरी त्यांची कारणं बहुधा वेगवेगळी आहेत, म्हणून सगळ्याला मिळून एकच शेरा देऊ नका.

डोळ्यांखालचा पांढरेपणा जवळजवळ नक्कीच फ्लॅशचा आहे. बऱ्याच सेटिंग पावडरमध्ये सिलिका असते, सनस्क्रीन असलेल्या मेकअपमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असू शकतं. फोनचा फ्लॅश लेन्सला अगदी लागून असतो, त्यामुळे या कणांवरून परतलेला प्रकाश थेट लेन्समध्ये जातो. आरशात यातलं काहीच दिसत नाही, म्हणून तिच्या लक्षात आलं नसणार. पांढरा भाग नेमका पावडर लावतात तेवढ्याच जागी असेल, तर कारण हेच. पुढच्या वेळी पावडर कमी घ्यायची, जास्तीची मऊ ब्रशने झटकायची आणि निघण्याआधी एक फोटो फ्लॅशवर काढून बघायचा, एवढं पुरे.

चेहरा आणि मानेतला फरक मात्र घाईने ठरवू नका, इथे फोटो सर्वात जास्त फसवतो. हनुवटीखालची मान सावलीत असते, ती सावळी दिसणारच. मागे अंधार असेल तर फोन अख्खा फोटो उजळवतो आणि जवळचा चेहरा पांढराफटक होतो. म्हणून तुलना मानेशी नको, कानाशी आणि गळ्याखालच्या छातीच्या भागाशी करा. तेही उजळलेले दिसत असतील तर दोष फोटोचा. ते नेहमीच्या रंगाचे आहेत आणि जबड्याच्या कडेला रंग एकदम तुटतोय, असं असेल तर शेड फिकी आहे. चेहरा उजळ नाही, पण राखाडी किंवा गुलाबीसर वाटतोय, तर गडद-फिक्याचा प्रश्न नसून अंडरटोन, म्हणजे रंगातली पिवळसर-गुलाबीसर झाक, चुकलाय. पण हे म्हणण्याआधी डोळ्यांचा पांढरा भाग बघा. तोच पिवळा किंवा निळसर दिसत असेल, तर फोनने सगळेच रंग बदललेत आणि त्या फोटोवरून अंडरटोनबद्दल बोलता येत नाही.

गालावरच्या पट्ट्याची कड नीट पाहा. सावलीची कड असेल तर तिथली त्वचा, नाक, हनुवटी असं सगळंच एका बाजूने काळवंडतं. ब्लशची कड असेल तर फक्त लाली अचानक थांबते. समोरून पडणारा फ्लॅश गालावरच्या सावल्या पुसून टाकतो, तरीही पट्टा दिसतोय म्हणजे ब्लेंडिंग राहिलंय असं मला वाटतं. दुसऱ्या गालावर नसेल तर चेहरा किंचित वळलेला आहे का तेही बघा. पावडर लावून झाल्यावर क्रीम ब्लश लावला की असे पट्टे हमखास पडतात, कारण तो कोरड्या थराला चिकटतो आणि पसरत नाही. दुरुस्ती सोपी आहे: फाउंडेशन लावलेला तोच ओलसर स्पंज लालीच्या कडेवर, मधल्या भागावर नाही, हलके थापटायचा. घासलं तर खालचा थर निघतो.

मत देण्याआधी तिच्याकडून आणखी एक फोटो मागवा: दिवसा, खिडकीकडे तोंड करून, फ्लॅश आणि ब्युटी मोड बंद, मागच्या कॅमेऱ्याने. ब्युटी मोड चालू असेल तर भुवयांचे केस एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात, आणि अशा फोटोत ब्लेंडिंग चांगलं की वाईट हे कळतच नाही. मेकअप पुसून झाला असेल तर पुन्हा करेपर्यंत थांबा, शेडबद्दल अंदाजाने बोलू नका. नवं फाउंडेशन विकत घ्यायला लावणारा सल्ला आहे तो.

सांगताना आधी जे खरंच जमलंय ते जागा दाखवून सांगा. "छान दिसतेस" म्हटलं तर तिच्या हाती काहीच लागत नाही. मी असं लिहीन: "आयलायनर दोन्ही डोळ्यांवर सारखा आलाय, ते सगळ्यात अवघड असतं. डोळ्यांखालचं पांढरं फ्लॅशमुळे आहे, प्रत्यक्षात दिसलं नसणार. डाव्या गालावर ब्लशची वरची कड थोडी उठून दिसते, ओल्या स्पंजने तेवढीच थापट. शेडचं उद्या उजेडातला फोटो पाठवलास की सांगते."

ती आत्ता कार्यक्रमाला निघाली असेल, तर फक्त ब्लशचं सांगा. तेवढंच दोन मिनिटांत सुधारता येतं. बाकीचं परत आल्यावर बोला.