आकडा ब्रोशरचा की बिलाचा?

“मॅडम, सहा वर्षं साइटवर आहे. आमचा प्रोजेक्ट ६० कोटींचा, पण मी बघतो एकच विंग. रिझ्युमेवर ६० कोटी लिहिलं तर खोटं वाटतंय, आणि नाही लिहिलं तर पुण्याची कंपनी बोलावणार कशाला?”

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या ऑफिसात हा साइट इंजिनिअर रिझ्युमे दाखवायला आला, तेव्हा मी आधी ६० कोटींचाच धागा धरला. “हा आकडा कुठून आला?” तर म्हणाला, ब्रोशरवरून. म्हणजे तो सगळ्या फ्लॅटच्या विक्रीचा अंदाज होता. त्यात जागेची किंमत आली, बिल्डरचा नफा आला. सिव्हिलच्या माणसाला समोरचा विचारतो ती बांधकामाच्या कामाची रक्कम. तीन विंगचं मिळून सुमारे १ लाख २० हजार चौरस फूट बांधकाम, आणि त्याचं कंत्राट २४ कोटींचं निघालं. ६० कोटी लिहून गेला असता, तर “चौरस फुटाला ५,००० रुपये कसे पडले?” या साध्या प्रश्नावर तो अडकला असता.

मग त्याचा स्वतःचा वाटा काढला. बी विंगची आरए बिलं, म्हणजे काम होईल तशी निघणारी बिलं, तोच बनवायचा, त्यामुळे आकडे त्याच्या डायरीतच होते: पार्किंगवर सात मजले, २८ फ्लॅट, सुमारे १,४५० घनमीटर काँक्रीट, १६० टन स्टील, आरसीसीचं काम २ कोटी ८० लाखांचं. ही ओळ अशी झाली: “निवासी प्रकल्प, कोल्हापूर. एकूण कंत्राट २४ कोटी; माझ्याकडे बी विंगचं आरसीसी, २.८ कोटी.” दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले, म्हणजे कामाचा आवाका कळतो आणि माणूस खोटाही पडत नाही. कंपनीची बिलं किंवा ड्रॉइंग मात्र रिझ्युमेला जोडायची नाहीत. ती मालकाची असतात.

भूमिकेत त्याने “संपूर्ण साइट सांभाळली” असं लिहिलं होतं. “सगळंच मीच करतोय की, मॅडम,” असं त्याचं म्हणणं. मी विचारलं, स्लॅब भरायची परवानगी कोण देतं? “सही कन्सल्टंटची.” आणि त्याआधी स्टील कोण तपासतं? “मी.” मग तेच लिहायचं: बार बेंडिंग शेड्यूल तयार केलं, ओतकामाआधी स्टील आणि कव्हर तपासून चेकलिस्टवर सही केली, कन्सल्टंटकडून मंजुरी घेतली. काय स्वतः केलं, काय तपासलं आणि काय दुसऱ्याकडून करून घेतलं, या तीन गोष्टी वेगळ्या दिसल्या पाहिजेत. मुलाखत घेणारे इथेच खोदतात.

क्वालिटीला त्याने दोनच शब्द दिले होते, “क्वालिटी कंट्रोल”. म्हटलं, एखादा दिवस सांग. चौथ्या स्लॅबला आरएमसीची, म्हणजे प्लांटवरून येणाऱ्या तयार काँक्रीटची, एक गाडी ट्रॅफिकमध्ये अडकून उशिरा आली होती. ड्रायव्हरने वाटेत पाणी घातलं असावं, अशी त्याला शंका आली. माल किती पातळ ते बघायच्या स्लंप टेस्टचा शंकूसारखा साचा उचलला तर माल ढासळून पसरलाच. ठेकेदार ओरडत होता, पंप लागलेला होता, तरी याने गाडी परत पाठवली आणि रजिस्टरला नोंद केली. सहा वर्षांत त्याने हे कुठे लिहिलंच नव्हतं! मी लिहायला लावलं: “प्रत्येक गाडीचा स्लंप तपासला, मर्यादेबाहेरचा माल नाकारला, क्यूब रजिस्टर ठेवलं.” सोबत एक तयारीही करून घेतली. ६० घनमीटरच्या ओतकामाला नमुने किती? काँक्रीटच्या IS 456 या भारतीय मानकाप्रमाणे ३१ ते ५० घनमीटरला चार आणि पुढच्या प्रत्येक ५० घनमीटरला किंवा त्याच्या भागाला एक, म्हणजे पाच. प्रत्येक नमुन्याचे ताकद तपासायला किमान तीन क्यूब. क्यूब रजिस्टर ठेवलं असं लिहिणाऱ्याला हे विचारलं जातंच.

सेफ्टीपाशी मात्र आमचा वाद झाला. त्याने “झिरो ॲक्सिडेंट” लिहिलं होतं. मी नुसतं त्याच्याकडे बघितलं. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “एकदा स्टेजिंगवरून एकाचा पाय घसरला, मनगट मोडलं त्याचं.” ते शब्द मी खोडले. ज्या माणसाचं हाड मोडलं, त्याला कागदावरून पुसायचं नाही. त्यानंतर याने काय बदललं ते विचारलं: लिफ्टच्या शाफ्टला प्रत्येक मजल्यावर आडवे पाइप बांधले, बाहेरच्या कामाला हार्नेस घातल्याशिवाय कुणाला चढू दिलं नाही, सकाळी दहा मिनिटं टूलबॉक्स टॉक सुरू केला. या तीन गोष्टी लिहिल्या. अपघाताबद्दल विचारलं तर सरळ सांगायचं, असं ठरलं.

जुन्या दोन साइटना दोन-दोन ओळी पुरल्या. त्यातल्या एकीचे बिलाचे आकडे त्याला खात्रीने आठवेनात. तिथे रक्कम घातलीच नाही, फक्त मजले आणि त्याचं काम लिहिलं.