एक ऑर्डर, अनेक शिपमेंट: स्टेटस कुठे ठेवायचं?

प्रश्न: एकाच ऑर्डरचा माल दोन-तीन खेपांत जातो, पण टेबलमध्ये `status` एकच आहे. कोणत्या खेपेचे पैसे आले, कोणती पोहोचली, हे कसं ठेवू?

उत्तर: ऑर्डरवरचं `status` काढून टाका. शिपमेंटचं वेगळं टेबल करा आणि त्याखाली `shipment_items` ठेवा: ऑर्डरमधली कोणती ओळ, किती नग. नग इथे लिहिणं फार गरजेचं आहे, कारण एकच ओळसुद्धा फुटते. 10 खुर्च्यांपैकी 6 आज गेल्या, 4 नंतर जाणार. रद्द न झालेल्या सगळ्या शिपमेंटमधल्या नगांची बेरीज 10 च्या वर जाऊ देऊ नका.

डिलिव्हरी आणि पैसे यांची स्टेटस स्वतंत्र ठेवा. माल पोहोचूनही पैसे बाकी असू शकतात, आणि उलटही घडतं. आलेली रक्कम थेट शिपमेंटवर न लिहिता `payment_allocations` या वेगळ्या टेबलमध्ये शिपमेंटनुसार वाटा. समजा पहिली खेप 6000 ची, दुसरी 4000 ची आणि ग्राहकाने एकदम 7000 भरले. मग 6000 पहिलीवर, 1000 दुसरीवर. दुसरीचे 3000 बाकी.

सवलत मात्र हमखास चुकते. 100 ची सवलत तीन समान खेपांत 33.33 प्रमाणे वाटली, तर 0.01 हरवतो. शेवटच्या खेपेला उरलेली रक्कम, म्हणजे 33.34 द्या.

ऑर्डरचं एकत्रित स्टेटस दाखवताना ते शिपमेंटवरून ठरवा. अजून कुठल्याच शिपमेंटमध्ये नसलेले नग मोजायला विसरू नका, नाहीतर 6 खुर्च्या पोहोचताच ऑर्डर ‘पूर्ण’ दिसेल.