तेलाखालचा खिळाही गंजला, तर?

प्रश्न : "सातवीच्या वर्गात तीन परीक्षानळ्यांत खिळे ठेवले : एकीत साधे पाणी, दुसरीत उकळलेले पाणी व वर तेल, तिसरी कोरडी. आठवड्याने तेलाखालचा खिळाही थोडा गंजलेला दिसला. असे का झाले? आणि हा रासायनिक बदल आहे हे मुलांना दाखवायचे कसे?"

तेलाखालच्या पाण्यात ऑक्सिजन उरला होता किंवा नंतर शिरला, एवढाच त्याचा अर्थ. उकळी फुटताच गॅस बंद केल्यास विरघळलेली हवा पुरती निघत नाही. पाणी दहा-पंधरा मिनिटे खळखळू द्यावे, खिळा आधीच नळीत ठेवून ते गरम असतानाच कडेने हळू ओतावे आणि लगेच तेलाचा जाड थर द्यावा. उंचावरून ओतलेले पाणी ओततानाच पुन्हा हवा घेते. तेलही हवा पूर्णपणे अडवत नाही, तिचा प्रवेश फक्त मंद करते. पहिल्या दोन दिवसांत फिकट तपकिरी थर येऊन तो तिथेच थांबला, तर उकळणे कमी पडले असे समजावे. डाग रोज थोडा थोडा वाढत गेला, तर हवा तेलातून उतरते आहे. म्हणून मुलांकडून रोजची नोंद करून घ्यावी.

कोरड्या नळीत निर्जल कॅल्शियम क्लोराइड घालून घट्ट बूच लावावे. त्याचे खडे पाणावले, तर बाहेरचा दमटपणा आत आला आहे. एप्रिल-मेमधल्या नागपूरच्या हवेत उघड्या बशीतला खिळाही आठवडाभर जवळपास तसाच राहतो, जुलै-ऑगस्टमध्ये मात्र तसा भरवसा धरू नये.

खिळे कोणते होते, हेही पाहा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या काही खिळ्यांवर जस्ताचा लेप असतो आणि आठवड्यात ते सहसा गंजत नाहीत. साधे लोखंडी खिळे घेऊन सँडपेपरने घासावेत, साबणाने तेलकटपणा काढून कोरडे करावेत.

रासायनिक बदल पटवण्यासाठी मी दोन कागद शेजारी ठेवतो. एकावर कानशीने घासलेल्या चांगल्या खिळ्याचा करडा कीस असतो, दुसऱ्यावर साध्या पाण्यातल्या खिळ्यावरची, वाळल्यावर कापडाने अलगद पुसलेली तपकिरी भुकटी. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले चुंबक जवळ नेताच कीस उडी मारून चिकटतो, भुकटी बहुतांशी जागेवरच राहते. घासल्याने लोखंडाचे फक्त तुकडे झाले, पदार्थ तोच राहिला; गंजताना लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी मिळून नवा पदार्थ तयार झाला, ज्याचे सूत्र Fe₂O₃·xH₂O असे लिहितात. भुकटी ब्लेडने खरवडू नये, कारण तिच्यात लोखंडाचे कण मिसळतात आणि मग तीही चिकटते. गंजात काही वेळा लोखंडाचे चुंबकीय ऑक्साइडही असते, त्यामुळे थोडे कण चिकटलेच तर मुलांपासून लपवू नये. वजनवाढ दाखवण्याच्या फंदात मात्र पडू नका; एका खिळ्यावर आठवड्यात चढणारा गंज स्वयंपाकघरातल्या काट्याला जाणवत नाही.