रूळ रिकामे दिसतात, पण मोकळे नसतात

प्रश्न: मडगाव ते थिवी मुंबईसारखी दर पाच मिनिटांनी लोकल का सोडत नाहीत? रूळ तर सदानकदा रिकामेच दिसतात.

करमळीला लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, थांबलेल्या पॅसेंजरमधून तळ्यावरचे पक्षी बघत मीही हेच म्हणायचो. पण गाडीपुढचा रिकामा रूळ तिच्या ब्रेकसाठी राखलेला असतो.

ताशी 100 म्हणजे सेकंदाला जवळपास 28 मीटर. दर सेकंदाला वेग अर्धा मीटर कमी होईल असा ब्रेक धरला, तर गाडी थांबायला 56 सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती पाऊण किलोमीटरच्या थोडी पुढे जाते.

आता आपोआप बदलणारे चार रंगस्थितींचे सिग्नल किलोमीटरवर एक असे मांडा. पुढच्या गाडीच्या मागे लाल, मग पिवळा, मग दोन पिवळे, मग हिरवा. म्हणजे हिरवा मिळायला पुढचे तीन टप्पे मोकळे हवेत: 3000 मीटर. लालपुढचे राखीव 120, पुढच्या गाडीची लांबी 600 आणि सिग्नल दिसायला हवेत ते 300 मिळवले की 4020 मीटर होतात, म्हणजे 145 सेकंद. कागदावर तासाला 25 गाड्या. दोन पिवळ्यांपासूनच ब्रेक लावायचा असेल तर थांबायला दोन टप्पे मिळतात, म्हणून सिग्नल अर्ध्या किलोमीटरवर आणता येतात आणि अंतर 90 सेकंदांवर येतं. स्टेशनातले थांबे यात धरलेले नाहीत. मुंबईत तीनेक मिनिटं लागतात ती मुख्यतः त्यामुळे.

आपल्याकडचा हिशेब निराळा. एकेरी मार्ग, आणि दोन स्टेशनांमधल्या अख्ख्या सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी. समजा सेक्शन 12 किलोमीटरचा आहे आणि मालगाडी ताशी 48 नं चालते. तिला 15 मिनिटं लागतात, वर लाइन क्लिअर, म्हणजे पुढच्या स्टेशनाची परवानगी, घेणं-देणं आणि सांधे फिरवणं यांची 5. दिवसाच्या 1440 मिनिटांना 20 नं भागलं की 72 गाड्या. देखभाल आणि उशीर यांसाठी रेल्वेत साधारण 70 टक्केच धरतात, म्हणजे 50, आणि त्याही दोन्ही दिशांच्या मिळून! पाच मिनिटांची लोकल एका दिशेलाच तासाला 12 गाड्या मागते, म्हणजे दिवसाचा सगळा कोटा चार तासांत संपला.

बरेच जण म्हणतात, दुहेरीकरण करा की झालं. त्यानं समोरून येणाऱ्या गाडीची वाट बघणं संपेल, हे खरं. पण मधले सिग्नल नसतील तर ट्रक लादलेली रो-रो पुढे गेली, की तिचं शेपूट पुढच्या स्टेशनात शिरेपर्यंत मागच्या लोकलचा सिग्नल लालच राहणार.