शाखेचे 120 कोटी आणि मुलाचे 58

प्रश्न : माझा मुलगा 28 वर्षांचा. नाशिकला एका खाजगी बँकेत साडेतीन वर्षं रिलेशनशिप मॅनेजर आहे, आता पुण्यात मोठ्या बँकेत जायचं म्हणतो. त्याचा रेझ्युमे फारच साधा होता म्हणून मीच सुधारला : 120 कोटींचा पोर्टफोलिओ, 150 टक्के टार्गेट, 100 टक्के ग्राहक टिकवले. 120 कोटी हा त्याच्या शाखेचा आकडा आहे, पण सगळेच असं लिहितात. मुलगा ऐकत नाही. दोन्ही कागद सोबत पाठवतोय. त्याने त्यापेक्षा आयबीपीएसची पीओ परीक्षा द्यावी का? – एक वडील

उत्तर : दोन्ही कागद वाचले. मुलाचा कागद चांगला आहे आणि तुमचा त्याला अडचणीत आणेल. 28 वर्षांच्या, स्वतः कमावणाऱ्या माणसाच्या रेझ्युमेवर त्याला नको असताना तुम्ही आकडे चढवलेत, याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. मुलाखतीच्या खोलीत त्या आकड्यांना उत्तर तुम्ही देणार नाही, तो देणार आहे. आणि तिथे पहिलाच प्रश्न येतो, ‘तुमच्याकडे किती ग्राहक मॅप होते?’ तो 180 म्हणेल. 180 ग्राहकांचे 120 कोटी, म्हणजे माणशी सरासरी 66 लाखांच्या वर. तसे ग्राहक सांभाळणाऱ्याचं पद आणि पगार वेगळे असतात, हे समोरच्याला पाठ असतं. 150 टक्क्यांचंही तेच. एवढं टार्गेट केलं असेल तर इन्सेंटिव्ह दिसायला हवा, आणि नवी बँक सॅलरी स्लिप मागतेच.

मोठा पोर्टफोलिओ म्हणजे मोठी कामगिरी, हा समज मात्र सोडा. पोर्टफोलिओ बँक नेमून देते. आज रुजू झालेल्या मुलालाही पहिल्याच दिवशी 40 कोटींचं बुक मिळू शकतं, त्यात त्याचं कर्तृत्व काय? बघायचं असतं ते त्याने त्यात काय भर घातली. तुमच्या मुलाने लिहिलंय की एप्रिलमध्ये बुक 42 कोटी होतं, मार्चमध्ये 58 झालं. वाढ 16 कोटींची. पण त्यातले 6 कोटी नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याचे ग्राहक त्याच्याकडे आले म्हणून वाढले, आणि 3 कोटी बाजार वर गेल्याने म्युच्युअल फंडांचं मूल्य वाढलं म्हणून. उरले 7 कोटी, बाहेर गेलेला पैसा वजा करून. हे 7 कोटी त्याचे. टार्गेट 8 कोटींचं होतं, म्हणजे 88 टक्के. हा आकडा लपवण्यासारखा नाही. क्लस्टरमधल्या बाकीच्या आरएमच्या तुलनेत तो कितवा होता, हे त्याला माहीत असेल तर तेही शेजारी लिहावं. कठीण वर्षात 88 टक्के करून तिसरा आलेला माणूस कोणताही मॅनेजर बोलावतो.

ग्राहक टिकवण्याचंही असंच. 180 पैकी 166 टिकले, म्हणजे 92 टक्के. 100 टक्के कोणाचेच टिकत नाहीत. माणसं गाव बदलतात, मुलांकडे जातात, व्याजासाठी ठेव दुसरीकडे नेतात. गेलेले 14 कोण होते आणि किती पैसा घेऊन गेले, हे त्याने तयार ठेवावं. दहा छोटी खाती जाणं आणि एक मोठा व्यापारी जाणं यात फार फरक आहे.

क्रॉस सेलिंगखाली त्याने ‘विमा प्रीमियम 38 लाख’ एवढंच लिहिलंय. इथे मात्र त्याचा कागद अपुरा आहे. विकलेल्या पॉलिसींचा दुसऱ्या वर्षीचा हप्ता किती जणांनी भरला, म्हणजे तेराव्या महिन्याची पर्सिस्टन्सी, ती लिहायला हवी. 24 पैकी 20 पॉलिसी चालू राहिल्या असतील तर 83 टक्के. ही संख्या घसरलेली असली की जाणकार लगेच ओळखतो की मार्चअखेरीला ठेव मोडून आलेल्या ज्येष्ठांच्या गळ्यात पॉलिसी मारल्या आहेत. शिवाय ग्राहकामागे सरासरी किती उत्पादनं होती आणि किती झाली, हेही घालावं.

एकूण वरच्या चार ओळी अशा बसतील : ‘180 ग्राहक, बुक 42 वरून 58 कोटी, त्यात निव्वळ नवा पैसा 7 कोटी (टार्गेट 8). ग्राहक टिकाव 92 टक्के. विमा प्रीमियम 38 लाख, तेराव्या महिन्याची पर्सिस्टन्सी अमुक. म्युच्युअल फंडांसाठी एनआयएसएम पाच-ए प्रमाणपत्र.’ शेवटचं त्याच्याकडे आहे आणि त्याची मुदतही चालू आहे, एवढं तपासून घ्या.

पीओ परीक्षा? खुल्या गटाला वयाची अट 30 आहे, द्यायची तर त्याला स्वतःला हवी असेल तरच द्यावी.

राजीनामा देण्याआधी त्याने मासिक स्कोअरकार्डमधले आपले आकडे वहीत उतरवून घ्यावेत, कारण शेवटच्या दिवशी लॉगिन बंद होतं. फक्त बेरजा आणि टक्के. ग्राहकांची नावं, नंबर, खात्यांची यादी स्वतःच्या मेलवर पाठवायची नाही, आणि नव्या बँकेने ‘किती ग्राहक सोबत आणाल?’ असं विचारलं तरी यादी द्यायची नाही.