पहिला सण, दोन घरे आणि मोजकी रजा

«लग्नाला चार महिने झाले आहेत आणि लवकरच आम्ही दोघे परदेशी जाणार आहोत. पहिल्या सणाला सतरा दिवसांची रजा काढून घरी येण्याचा विचार आहे. माहेर आणि सासर वेगवेगळ्या शहरांत आहेत. कोणीही दुखावणार नाही अशी दिवसांची वाटणी कशी करावी?»

पहिल्या वर्षी आम्हीही सतरा दिवसांचीच रजा काढली होती, आणि वाटणी करताना जी चूक झाली ती आमच्या लक्षात यायला वर्ष गेले. जाण्यायेण्यात चार दिवस आणि एका घरून दुसऱ्या घरी जाण्यात एक दिवस गेला. उरलेल्या बारा दिवसांचे आम्ही सरळ सहा-सहा असे दोन भाग केले आणि वाद मिटला असे समजलो. विमानतळ माझ्या माहेराजवळ असल्यामुळे पहिले सहा दिवस तिथे, सणाचा मुख्य दिवस धरून पुढचे सहा दिवस सासरी, आणि निरोपही तिथूनच, असे ठरले.

कागदावर हे समान होते, पण प्रत्यक्षात माहेरच्या वाट्याला आमची झोपच आली. वेळेतला फरक आठ-नऊ तासांचा असेल तर शरीराचे घड्याळ रुळावर यायला साधारण आठवडा लागतो. आम्ही पहाटे तीनला टक्क जागे असायचो आणि दुपारी चारला डोळे मिटायचे. तिसऱ्या दिवशी मामा मुद्दाम भेटायला आला, तेव्हा मी सोफ्यावर बसल्या बसल्या झोपले. आईने पंखा कमी केला, दार हळूच लोटून घेतले आणि मामाशी बाहेर ओट्यावर बोलत बसली. ती तेव्हा काही म्हणाली नाही. पुढच्या वर्षी तारखांचा विषय निघाल्यावर मात्र तिने एवढेच विचारले, ‘या वेळी जागेपणी येणार ना?’

त्यामुळे दिवस मोजण्याआधी त्यांची प्रत ठरवा. मुख्य सणाचा दिवस, जागेपणाचे दिवस, आणि निघण्याची शेवटची संध्याकाळ या तीन गोष्टी इतर दिवसांपेक्षा भारी असतात, आणि तिन्ही एकाच घराला जाऊ देऊ नयेत. तुमच्या बारा दिवसांत, सण रजेच्या मध्याच्या आसपास येत असेल, तर मी अशी मांडणी करीन: मुख्य सण धरून पहिले पाच दिवस ज्या घरी, त्या घराला झोपेचे दिवस सोसावे लागतात पण सण मिळतो, पुढचे सात दिवस आणि निरोप दुसऱ्या घराला. आकडे असमान दिसतात, पण दोन्ही घरांना काहीतरी खरे मिळते. सण रजेच्या अगदी सुरुवातीला येत असेल, तर दोन दिवस आधी पोहोचता येईल अशी रजा मागा, नाहीतर सणाच्या दिवशीच जांभया देत बसाल.

तिकीट काढतानाच ही मांडणी पक्की झालेली असावी, कारण एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतायचे असेल तर तिकीट मल्टी-सिटी पर्यायातून काढावे लागते. त्याला थोडे जास्त पैसे पडू शकतात, पण सगळे सामान घेऊन पुन्हा पहिल्या शहरात परतण्याचा एक पूर्ण दिवस वाचतो. बारा दिवसांत एक दिवस ही लहान गोष्ट नाही.

तारखा सांगताना ज्याने त्याने आपल्या आईवडिलांना फोन करावा, तोही दोघांनी एकाच संध्याकाळी. आमच्याकडे नवऱ्याने आधी सांगितले आणि दोन दिवसांनी मी सांगितले. तेवढ्यात ही बातमी एका नातेवाइकाकडून माझ्या घरी पोहोचली होती, आणि तारखांपेक्षा उशिरा कळल्याचाच राग जास्त होता. ‘तिला असे हवे आहे’ किंवा ‘त्याच्या घरचे ऐकत नाहीत’ अशी वाक्ये टाळून ‘आम्ही असे ठरवले आहे’ म्हणावे. पहिल्या वर्षी जोडीदारावर ढकललेला निर्णय पुढे बराच काळ त्याच्या नावावर राहतो.

काका, आत्या, मावशी यांच्या भेटींचे दिवस ज्या बाजूचे नातेवाईक, त्या बाजूच्या हिश्श्यातून वजा करा. हे आधी सांगितले नाही तर सहा दिवसांतले चार गाडीत जातात आणि आईवडिलांजवळ दोन रात्री उरतात.

पुढच्या खेपेला अदलाबदल करण्याचे वचन द्याल, पण ते वर्षावर बांधू नका, खेपेवर बांधा. रजा किंवा व्हिसा अडल्याने एखादे वर्ष येणे झाले नाही, तर पाळी बुडत नाही, तशीच उभी राहते, असे दोन्ही घरांना आत्ताच सांगून ठेवा. एका घरी आईवडिलांपैकी एकटेच कोणी असेल किंवा आजारपण असेल, तर मात्र ही सगळी मोजणी बाजूला ठेवून तिथे जास्त राहावे, आणि कारण दुसऱ्या घराला स्पष्ट शब्दांत कळवावे.