मोठ्या मायचा पिंपळ आणि तुझं इग्द्रासिल

"बाबा, शाळेत उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स कथांमधलं इग्द्रासिल शिकवलं. एकाच झाडाला सगळी जगं जोडलेली असतात. मोठी माय रोज सकाळी पिंपळाला पाणी घालते, पण रात्री मला तिथे जाऊ देत नव्हती. तो पिंपळपण तसाच आहे का?"

प्रिय ओवी,

बराचसा तसाच. एका ठिकाणी मात्र अगदी उलटा.

आधी पाण्याचं सांगतो. तुमच्या बाईंनी उर्दच्या विहिरीची गोष्ट सांगितली असेल. तिच्या काठी राहणाऱ्या तीन नॉर्न, म्हणजे नशीब ठरवणाऱ्या देवी, रोज विहिरीतलं पाणी आणि काठची माती घेऊन इग्द्रासिलवर शिंपतात, म्हणजे फांद्या कुजत नाहीत. त्या झाडाला त्रासही कमी नाही. खाली निडहॉग नावाचा सर्प मुळं कुरतडतो, वर हरणं पालवी खातात, आणि राटाटोस्क नावाची खार शेंड्यावरच्या गरुडाचे टोमणे खालच्या सर्पाला नि सर्पाचे गरुडाला पोचवत वरखाली पळते. (आपल्या गल्लीतही अशी एक खार होती. नाव सांगणार नाही.) एवढं सोसणारं झाड कुणीतरी रोज शिंपल्याशिवाय उभं कसं राहील? मोठी माय तांब्या घेऊन निघते तेव्हा मला या नॉर्नच आठवतात.

आता रात्रीचं. प्रदक्षिणा घालताना ती जो श्लोक पुटपुटते, त्यात मुळाशी ब्रह्मा, मध्ये विष्णू आणि शेंड्यावर शिव आहे. म्हणजे अख्खं झाड देवांचं. आणि तीच संध्याकाळी म्हणते, "रातले पिंपयखाले जाऊ नको," कारण तिथे मुंजा असतो. मुंजा म्हणजे मुंज झालेला, पण लग्नाआधीच गेलेला मुलगा. तो ना इथला राहिला, ना पुढे गेला. लहानपणी मला वाटायचं, देव आणि भूत एकाच झाडावर कसे राहतील? पण जिथे वरचं, मधलं आणि खालचं जग एकमेकांना लागतं, तिथे रहदारी दोन्हीकडून असणारच. गरुड आणि निडहॉग एकाच झाडाला आहेत, तसंच हे.

उलटं आहे ते मुळांचं. इग्द्रासिलची तीन मुळं तीन वेगवेगळ्या ठिकाणी जातात. तेराव्या शतकात आइसलँडच्या स्नोरीने लिहिलंय त्याप्रमाणे एक देवांकडे, एक हिमराक्षसांकडे, एक निफ्लहाइम या थंड, धुक्याच्या जगावर. जुन्या कवितेत हीच वाटणी वेगळी आहे, तिथे एका मुळाखाली माणसं राहतात. म्हणून तुझ्या पुस्तकातल्या तीन मजल्यांच्या चित्रावर फार विसंबू नकोस. आपल्या कठोपनिषदात मात्र अश्वत्थ, म्हणजे पिंपळ, मुळं वर आणि फांद्या खाली असा आहे, आणि सगळे लोक त्याच्याच आधाराने आहेत. गीतेच्या पंधराव्या अध्यायात हेच झाड पुन्हा येतं, पण तिथे ते अनासक्तीच्या शस्त्राने तोडायला सांगितलंय. तिकडे झाड जगवायची धडपड, इकडे त्यातून सुटायची. हा फरक मला सारखेपणापेक्षा मोठा वाटतो.

मुळं वर कशी, हे तू स्वतः पाहिलंयस. आपल्या धाब्याच्या भिंतीत, जमिनीपासून आठेक हात वर, लांब टोकाच्या हृदयासारख्या पानांचं रोप आलं होतं, आठवतं? पक्षी पिंपळाची फळं खातात, त्यांच्या विष्ठेतून बी भिंतीच्या फटीत किंवा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात पडतं. तिथेच ते रुजतं आणि मुळं वरून खाली जमीन शोधत येतात. ज्यांनी ते श्लोक रचले, त्यांनीही असा पिंपळ पाहिला असणार, असं माझं आपलं मत.

एक गंमत, पण तिच्यावर इमले बांधू नकोस. इग्द्रासिलचा अर्थ बहुतेक जण 'ओडिनचा घोडा' असा लावतात, कारण तिकडच्या देवांचा मुख्य ओडिन त्या झाडाला नऊ रात्री लटकला होता. आणि अश्वत्थातही घोडा आहे: अग्नी घोडा होऊन त्या झाडात राहिला, अशी वैदिक कथा आहे. शब्द जुळले म्हणून गोष्ट एकच होती असं ठरत नाही. नाहीतर धनत्रयोदशीला लोक सातपुड्यात ज्या अस्तंब्याच्या डोंगरावर जातात, तिथल्या अश्वत्थाम्यालाही कुणी पिंपळाला बांधेल. त्याचं नाव वेगळ्या कारणाने पडलं: महाभारतात तो जन्मताच घोड्यासारखा ओरडला. कपाळाच्या जखमेवर तेल मागत फिरणारा तो चिरंजीव डोंगरावर का राहतो, हे पुढच्या पत्रात.

भिंतीतलं रोप मोठ्या मायने तोडू दिलं नाही. पिंपळाला कुऱ्हाड लावायची नसते. पण भिंत तडकायला लागल्यावर तिने सालदाराकडून ते मुळांसकट, ओल्या मातीच्या गोळ्यासह काढवलं आणि नाल्याच्या काठी लावलं. आता तिला सकाळी दोन तांबे न्यावे लागतात.

तुझा,
बाबा